तेराशे अडतीस रुपये एकवीस पैसे

हातात पेन्सिल आली की मी फार शहाणी होते, असं माझे वडील म्हणायचे. ते मोखाड्याला तहसील कचेरीत कारकून होते आणि घरातल्या किराणाच्या यादीवरही बारीक अक्षरात शेरे मारायचे, त्यामुळे ही खोड कुणाकडून आली हे वेगळं सांगायला नको. जव्हारच्या एका छोट्या संस्थेत मी हिशेब बघते, त्याला आता बरीच वर्षं झाली. आमची संस्था पाड्यापाड्यांवरच्या बायकांबरोबर जुन्या बियाण्यांचं काम करते: नागली म्हणजेच नाचणी, वरई, भाताचे मागे पडलेले वाण. मी स्वतः बी ओळखत नाही. लवकर पिकणाऱ्या हळव्या नागलीचं आणि उशिरा पिकणाऱ्या गरव्या नागलीचं बी माझ्यापुढे ठेवलं तर मला दोन्ही मोहरीसारखीच दिसतात. मला ओळखू येतात ती खोटी बिलं, आणि त्याचा मला नको इतका अभिमान होता.

माझ्या या शहाणपणामुळे एका बाईला बाजारातून मान खाली घालून घरी जावं लागलं, त्याची ही हकीकत आहे.

साखरशेतला आमच्या संस्थेबरोबर काम करणाऱ्या एक मावशी आहेत. साठीच्या अलीकडच्या, काटक, बोलायला मोकळ्या. नागलीचे कितीतरी वाण त्यांनी एकटीने टिकवले आहेत. कुणी विचारलं की शेजारणीला साखर द्यावी इतक्या सहज मूठभर काढून देतात. अट एकच, सुगी झाली की दोन मुठी परत आणायच्या. त्या वर्षी इटलीतल्या एका डोंगरी गावात बियाणं जपणाऱ्या शेतकऱ्यांचा मेळा होता आणि त्याचं आमंत्रण मावशींना आलं. मुंबईची एक संस्था खर्च देणार होती. मावशींच्या सोबतीला आणि दुभाषी म्हणून आमची कार्यकर्ती जायची होती. ही मोखाड्याकडची पोरगी, सव्वीस वर्षांची, इंग्रजी बरं बोलणारी, आणि कागदपत्रांच्या बाबतीत अगदीच रामभरोसे.

आमच्या संस्थेकडे परदेशात चालेल असं कार्ड नव्हतं, म्हणून सगळा खर्च त्या पोरीच्या स्वतःच्या क्रेडिट कार्डावर करायचा आणि परत आल्यावर मुंबईहून भरून घ्यायचा, असं ठरलं. फेब्रुवारीत दोघी गेल्या आणि आठ दिवसांनी आल्या. मावशी कुडकुडत गेल्या होत्या, त्या अंगावर तपकिरी लोकरीची एक जाड शाल घेऊन आल्या. जव्हारच्या स्टँडवर उतरल्या तेव्हा दुपारचं ऊन होतं, तरी शाल काही खांद्यावरून उतरली नाही. आम्ही सगळे हसलो. त्याही हसल्या.

मार्च उजाडला. मार्चमध्ये हिशेबनिसाच्या अंगात काय संचारतं ते दुसऱ्या हिशेबनिसालाच कळेल. मी पोरीच्या मागे स्टेटमेंटसाठी लकडा लावला. ती वावर गावाकडच्या पाड्यांवर फिरत होती. शेवटी एका टेकडीवर रेंज मिळाल्यावर तिने व्हॉट्सअॅपवर एक चित्र पाठवलं. फोनवर उघडलेल्या स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट, तोही कडेने कापलेला. तिची स्वतःची खरेदी मला दिसू नये म्हणून तिने बोटाने काळ्या रेघोट्या ओढल्या होत्या, आणि बोट मोठं, ओळी बारीक, त्यामुळे खालच्या ओळींतला मजकूरही त्या काळ्यात गेला होता. उरले होते नुसते आकडे.

वरचे तीन आकडे मोठे आणि स्वच्छ होते. राहण्याचे सुरुवातीला भरलेले एकवीस हजार आठशे चाळीस, रेल्वे आणि बसच्या तिकिटांचे पाच हजार सहाशे अठ्ठेचाळीस रुपये वीस पैसे, आणि निघताना भरलेले राहण्याचे उरलेले सतरा हजार एकशे नव्व्याण्णव. त्यांच्या खाली, दोन-तीन दिवसांनंतरच्या तारखांवर, सहा किरकोळ आकडे होते. ७६४.४०. १३७.५९. १९७.६९. ३५.५८. १७१.९९. ३०.९६. नाव नाही, गाव नाही. बेरीज तेराशे अडतीस रुपये एकवीस पैसे.

मी पोरीला फोन लावला. अर्धे शब्द वाऱ्यात जात होते. "माझं खासगी मी काळं केलंय ताई," ती म्हणाली, "बाकी ट्रिपचंच आहे." मी विचारलं, मग हे बारीक सहा कसले? "मला नाही आठवत. मावशींनी काही घेतलं असेल तर..." आणि फोन तुटला.

मी त्या चित्राची छापील प्रत काढली, सहा आकड्यांना मिळून एक महिरप काढली आणि तिच्यापुढे पेन्सिलीने लिहिलं, "मावशींची खरेदी?" मग ती रक्कम वजा करून उरलेल्याचा दावा मुंबईला पाठवून दिला. मनात कसलंही किल्मिष नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. शंका आली की प्रश्नचिन्ह काढायचं आणि पुढे जायचं, ही माझी कामाची पद्धत. प्रश्नचिन्ह कागदावर ठेवलं की ते तिथेच बसून राहतं, अशी माझी समजूत होती.

ती प्रत दोन दिवस टेबलावर उघडी पडली होती. आमच्या कमिटीतले एक निवृत्त गुरुजी चहाला आले, त्यांनी ती वाचली आणि मिश्किलपणे म्हणाले, "सातशे चौसष्टची शाल का? स्वस्तात मिळाली की!" मी हसले. मी हसले, हे इथे लिहायला मला आजही जड जातं. शिपाई तिथे होता, बाहेर जीपची वाट बघत मोखाड्याकडच्या दोन बायका टेकल्या होत्या. आमच्याकडे जव्हारहून निघालेली बातमी जीपमधून मोखाड्याला पोचायला तासाभराच्या वर वेळ लागत नाही.

आठवडाभराने मुंबईहून फोन आला. खर्च देणाऱ्या संस्थेच्या हिशेब विभागातल्या बाई होत्या, आवाज शांत आणि अगत्याचा.

"मॅडम, दाव्यातून तुम्ही सहा आकडे वजा केलेत. का?"

"ती वैयक्तिक खरेदी असावी," मी म्हणाले. आवाजात प्रामाणिकपणाचा तोरा होता.

"नाही हो. मला ते परकीय व्यवहारावरचं बँकेचं शुल्क वाटतंय. मार्कअप म्हणतात त्याला. आणि त्या मार्कअपवरचा जीएसटी. आम्ही दोन्ही देतो, फक्त मूळ खर्चात मिसळू नका. मूळ खर्च एका रकान्यात, मार्कअप दुसऱ्यात, कर तिसऱ्यात द्या." मग त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही जोडलेलं शेवटचं राहण्याचं बिल एकशे ऐंशी युरोचं आहे. त्याचे सतरा हजार एकशे नव्व्याण्णव कसे झाले, तेवढं बघा. बाकीच्या दोन बिलांच्या दराने इतके होत नाहीत. त्यात वरचं काही घेतलेलं असेल तर ते मात्र वगळावं लागेल."

मी फोन ठेवला आणि कॅल्क्युलेटर ओढला. एकवीस हजार आठशे चाळीसचे साडेतीन टक्के केले. सातशे चौसष्ट रुपये चाळीस पैसे. पैशापर्यंत तेवढेच. त्या सातशे चौसष्ट चाळीसचे अठरा टक्के केले, एकशे सदतीस रुपये एकोणसाठ पैसे. तिकिटांच्या रकमेचे साडेतीन टक्के, एकशे सत्त्याण्णव एकोणसत्तर. त्याचे अठरा टक्के, पस्तीस अठ्ठावन्न. सहातले चार आकडे आपापल्या जागी जाऊन बसले. शाल वगैरे काही नव्हतंच. परदेशी चलनाचं रुपयांत रूपांतर केल्याबद्दल बँकेने घेतलेला मोबदला होता आणि त्या मोबदल्यावर सरकारने लावलेला कर होता.

हिशेब जुळल्याचा आनंद मला फार तर पाच मिनिटं मिळाला. तेवढ्यात पोरगी मोखाड्याहून आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"ताई, तुम्ही कागदावर काय लिहिलंत?"

मग तिने सांगितलं. मोखाड्याच्या बाजारात मावशी पडवळं आणि वालाच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. एका बाईने सगळ्यांदेखत विचारलं, "संस्थेच्या कार्डावरची शाल लय ऊबदार असंल, नाय?" दुसरी हसली. मावशींनी पाटी तशीच उचलली, शेजारणीच्या पुढ्यात ओतली आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. एप्रिलमध्ये मोखाड्याला पंचायत समितीच्या सभागृहात अकरा पाड्यांच्या बायकांची सभा होती. मावशींनी तिथे प्रवासाचं सांगायचं होतं, आणि त्यांच्या बियाण्यातून अकरा ठिकाणी बीज-कोठी सुरू करायची, असं तर दोन वर्षांपासून ठरत आलं होतं. मावशींनी निरोप पाठवला होता, मी येणार नाही, आणि माझं बीही येणार नाही.

"खाल्ल्या मिठाला जागतात त्या, ताई," पोरगी म्हणाली आणि पुन्हा रडायला लागली. "तिथं एकदासुद्धा चहा विकत घेतला नाही त्यांनी."

मी तिच्यावरच ओरडले. नीट चित्र पाठवता येत नाही? तोंड उघडून सांगता येत नाही? ओरडून झालं तेव्हा लक्षात आलं की मी पेन्सिल हातात घट्ट धरून ठेवली होती. ती खाली ठेवली आणि तिला पाणी दिलं. मग दोघींनी तिच्या फोनवरून स्टेटमेंट पुन्हा उघडलं, या वेळी न कापता, काळं न करता. ओळींत चक्क लिहिलेलं होतं: परकीय चलन व्यवहार शुल्क, खाली आयजीएसटी, म्हणजे तोच कर. पुन्हा तेच, पुन्हा आयजीएसटी. कुठलं शुल्क कुठल्या खर्चाचं ते लिहिलेलं नव्हतं, पण ते मी आधीच सोडवलं होतं. पाचव्या ओळीतलं शुल्क मात्र वेगळ्याच नावाचं होतं, डीसीसी. त्याच्याखाली तीस रुपये शहाण्णव पैसे कर.

एकशे एकाहत्तर नव्व्याण्णव म्हणजे सतरा हजार एकशे नव्व्याण्णवचा बरोबर शंभरावा भाग. साडेतीन नव्हे, एक टक्का. बँकेच्या शुल्कांचं पत्रक उघडलं, त्यात डीसीसीपुढे बारीक अक्षरात होतं: परदेशातला व्यवहार तिथेच भारतीय रुपयांत केला तर एक टक्का आणि त्यावर कर. म्हणजे त्या शेवटच्या बिलाचे रुपये आपल्या बँकेने केलेच नव्हते. ते इटलीतच, काउंटरवरच्या मशीनमध्ये झाले होते. असं झालं की दर ठरवणारं मशीन आपला फायदा त्या दरातच मुरवतं आणि स्टेटमेंटवर त्याची वेगळी ओळ कुठेही येत नाही. मुंबईच्या बाईंना जे वरचं काहीतरी घेतलेलं वाटत होतं ते बहुधा हेच होतं. पण बहुधा म्हणून चालणार नव्हतं. मशीनमधून निघालेल्या पावतीवरच तो दर असणार.

मी फाइल काढली. कार्डाच्या मशीनच्या पावत्या मीच चिकटवल्या होत्या, वरून पारदर्शक चिकटपट्टी लावून, एकदम टापटीप. मशीनच्या त्या गुळगुळीत कागदावर चिकटपट्टी लावली की अक्षरं उडतात, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. रेल्वेची पावती निम्मी कोरी झाली होती. राहण्याच्या पहिल्या पावतीवर जेमतेम एक तारीख उरली होती. शेवटची पावती फाइलमध्ये नव्हतीच.

"ती मावशींकडे आहे," पोरगी डोळे पुसत म्हणाली. "मी बॅगा टॅक्सीत ठेवत होते. काउंटरवरच्या मुलीने मशीन मावशींपुढे धरलं. मी आले तोवर त्यांनी काहीतरी दाबलं होतं. मी पिन टाकला. पावती त्यांनी मागून घेतली. म्हणाल्या, ही माझी."

दुसऱ्या दिवशी मी साखरशेतला गेले. एकटीच. पोरगी यायला तयार होती, पण मला लाज वाटायचीच असेल तर ती साक्षीदाराशिवाय वाटावी, असं मला वाटलं.

मावशी अंगणात नागली पाखडत होत्या. मला बघून सूप थांबलं नाही. मी ओट्यावर बसले. पाणी आलं नाही. आमच्या भागात आलेल्याला पाणी न मिळणं ही केवढी गोष्ट आहे, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी सरळ बोलायला लागले, कारण आडून बोलले असते तर मध्येच कुठेतरी माझीच बाजू घेऊन बसले असते.

"मावशी, चूक माझी आहे. ते सहा आकडे तुमचे नव्हते. बँकेचे आणि सरकारचे होते. मला कळलं नाही आणि मी तुमचं नाव लिहिलं."

सूप थांबलं.

"वाचून लिवलं का न वाचता?"

"न वाचता. मजकूर दिसतच नव्हता."

"दिसत नव्हतं तर माझंच नाव कसं दिसलं तुला?"

गुरुजींचं नाव मी लिहिलं असतं का? पोरीचंसुद्धा लिहिलं नाही, कार्ड तिचं असून. मावशी सूप खाली ठेवून आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. ते पाणी पिताना मला रडू आलं आणि ठसका लागला, दोन्ही एकदम. मावशींनी पाठीवर एक धपका घातला. तो ठसक्यासाठीच होता असं मी मानते.

मग मी पावतीचं विचारलं. त्यांनी मला आत नेलं. घरात अंधार आणि गारवा होता. शेणाने लिंपलेल्या धान्याच्या कणगीमागे वाळलेल्या भोपळ्यांचे तुंबे ओळीने ठेवलेले होते, प्रत्येकाच्या तोंडाला चिंधीचा बोळा. एक तुंबा त्यांनी उपडा केला, राख झटकली, आणि नागलीच्या दाण्यांतून एक छोटी कागदी सुरळी निघाली. माझ्या ऑफिसात चिकटपट्टीखाली जे महिनाभर टिकलं नाही, ते इथे अंधारात कोरडं, काळंभोर आणि स्पष्ट होतं. मी सुरळी उलगडली. राखेचा वास आला.

रक्कम एकशे ऐंशी युरो. दर, एका युरोला पंच्याण्णव रुपये पंचावन्न पैसे. दरात पाच टक्के नफा धरलेला आहे, असं स्वच्छ लिहिलेलं. एकूण सतरा हजार एकशे नव्व्याण्णव. आणि शेवटी इंग्रजीत एक वाक्य: मला चलनाची निवड देण्यात आली होती आणि मी ही निवड केली.

मी तिथेच मांडीवर हिशेब केला. पाच टक्के काढून टाकले की दर येतो एक्क्याण्णव, म्हणजे पहिल्या बिलाला लागला होता तोच. त्या दराने एकशे ऐंशी युरोचे होतात सोळा हजार तीनशे ऐंशी. उरलेले आठशे एकोणीस रुपये दरातला नफा. ना खाणं, ना पिणं, ना शाल.

"मावशी, तुम्ही मशीनवर काय दाबलंत?"

त्या पहिल्यांदा हसल्या. ओठांच्या कडेने, पण हसल्या.

"आठ दिस झाले व्हते. एक अक्षर ओळखीचं नाय. भिंतीवर नाय, गाडीवर नाय, जेवणाच्या पानावर नाय. त्या पोरीनं मशीन पुढं धरली. दोन चौकोन व्हते. एकात त्यांचं ते वाकडं, आन् दुसऱ्यात आपला रुपया. आपल्या नोटंवर असतंय ना, तसाच. मला असा आनंद झाला! म्हटलं, एवढ्या लांब आपलं कोण तरी भेटलं. त्यालाच दाबलं. मंग तिनं चिठ्ठी दिली, तिच्यावर पण ते. म्हणून ठेवली."

मी त्यांना सांगितलं की ओळखीचं दिसलेलं ते महागात पडलं. युरोचा चौकोन दाबला असता तर बँकेचं शुल्क आणि कर मिळून सहाशे शहात्तर रुपये एकोणपन्नास पैसे लागले असते. रुपया दाबल्याने दरातला नफा, एक टक्का आणि कर धरून हजार एकवीस रुपये पंच्याण्णव पैसे गेले. म्हणजे तीनशे पंचेचाळीस रुपये शेहेचाळीस पैसे जास्तीचे. मावशी लगेच कमरेची पिशवी सोडायला लागल्या. मी हात धरला. म्हटलं, कुणीही केली असती अशी चूक, आणि मुंबईवाले ते रूपांतराच्या खर्चात धरतील, तुम्ही एक पैसा काढायचा नाही.

"आणि शाल?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण एव्हाना मला उत्सुकता होती.

"तिथं एक म्हातारी व्हती. मेंढ्या पाळणारी. तिला मी मूठभर हळवी दिली. ती रडाय लागली. मंग तिनं अंगावरची काढून मला घातली. तिचं मला कळत नव्हतं, माझं तिला." मावशींनी कणगीकडे बोट केलं. "तुमचं बोलणं ऐकलं त्या दिवशी आत घातली. परत काढली नाय."

मी पर्समधून तो छापील कागद काढला, खोडरबर काढलं. त्यांच्यासमोर ती ओळ खोडून टाकायची, असं मी वाटेत ठरवून आले होते. मावशींनी कागदावर तळहात ठेवला.

"खोडू नको. खोडलं तर लोक म्हणतील, काय तरी व्हतं म्हणून खोडलं. खाली लिव. काय व्हतं ते लिव. शाईनं."

"लिहिते."

"आन् इथं नको. मोखाड्याला बोललं ना? मंग मोखाड्याला लिव. सगळ्यांच्या म्होरं."

मुंबईला मी तीन रकान्यांचा तक्ता पाठवला, पावतीच्या फोटोसकट. मूळ खर्च त्रेचाळीस हजार आठशे अडुसष्ट रुपये वीस पैसे. रूपांतराचा खर्च, म्हणजे मार्कअप, दरातला नफा आणि रुपयांत केलेल्या व्यवहाराचं शुल्क, एकूण एकोणीसशे त्रेपन्न रुपये आठ पैसे. कर दोनशे चार रुपये तेरा पैसे. आमच्या संस्थेची जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे या कराची वजावट कुणाला मिळणार नाही, तो खर्चच धरावा, अशी टीपही जोडली. तिन्हींची बेरीज स्टेटमेंटशी पैशापर्यंत जुळली. दोन दिवसांत त्या शांत आवाजाच्या बाईंचा मंजुरीचा मेल आला आणि खाली एक ओळ, पावती इतकी चांगली कशी राहिली? मी उत्तर लिहिलं, नागलीत ठेवली होती. त्यांना ती थट्टा वाटली असणार.

पण मावशी सभेला येतील की नाही, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी कबूल केलं होतं ते मी लिहिण्याचं, स्वतः येण्याचं नव्हे. एप्रिलचा दिवस होता, मोखाड्याच्या सभागृहातले पंखे गरम हवाच खाली ढकलत होते. अकरा पाड्यांच्या बायका बसल्या होत्या. बाजारात बोललेली ती बाई दुसऱ्या रांगेत होती. गुरुजीही होते, मीच त्यांना आग्रहाने बोलावलं होतं. स्टेटमेंटचं ते चित्र आम्ही भिंतीवर मोठं करून लावलं, माझ्या पेन्सिलीच्या ओळीसकट. प्रश्नचिन्ह ताटाएवढं दिसत होतं. लोकांची कुजबुज सुरू झाली.

मी उठले. एकेक आकडा घेऊन सांगत गेले: हा बँकेचा, हा सरकारचा, हा बँकेचा, हा सरकारचा. पहिल्या दोन जोड्यांनंतर पुढच्या रांगेतल्या बायका माझ्याआधी म्हणायला लागल्या, "सरकारचा!" सहावा आकडा सगळ्यांनी मिळून म्हटला. दुसऱ्या रांगेतली ती बाई मात्र पदर तोंडाशी धरून बसली होती.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. मावशी आल्या होत्या. डोक्यावर टोपली, टोपलीत तुंबे, आणि अंगावर ती जाड तपकिरी लोकरीची शाल. त्या उन्हाळ्यात. कपाळावरून घाम निथळत होता, गळ्यापाशी लोकर भिजली होती. त्या मधल्या वाटेने सावकाश चालत आल्या, कुणाकडेही न बघता, आणि टोपली टेबलावर उतरवली. कुणीतरी म्हणालं, मावशी, शाल काढा, घाम येतोय. त्या म्हणाल्या, "येऊ दे."

मी कागद टेबलावर ठेवला, पेन काढलं आणि पेन्सिलीच्या ओळीखाली शाईने लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "नाही. हे बँकेचं शुल्क आणि त्यावरचा कर. मावशींनी काहीही घेतलेलं नाही. न वाचता लिहिण्याची चूक माझी." खाली सही केली.

मावशींना वाचता येत नाही. त्यांनी कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि माझ्या अक्षरांवरून बोट फिरवत गेल्या, बी पारखताना फिरवतात तसं. मग तो पोरीकडे देऊन म्हणाल्या, "तू वाच. तिनं लिवलंय तेच बोलली का, बघ."

पोरीने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मावशींनी मान हलवली. मग शाल काढली, घडी घालून माझ्या हातात दिली, आणि पहिल्या तुंब्याचा बोळा काढत दुसऱ्या रांगेतल्या त्या बाईकडे बघून म्हणाल्या, "तू पहिली ये. वंजळ पुढं कर."